दहा टक्के, पण किती रुपयांवर?

घटस्थापना झाली की वर्तमानपत्राचं पहिलं पान बातम्यांचं राहत नाही. टीव्ही, फ्रिज, मोबाइल आणि त्यांच्या डोक्यावर अमुक बँकेच्या कार्डावर '१० टक्के कॅशबॅक' असा ठसठशीत आकडा. आकड्याशेजारी एक छोटी चांदणी असते, आणि त्या चांदणीचा खुलासा पानाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत. दुकानातला विक्रेता वरचा आकडा सांगतो, बँक मात्र खालच्या अक्षरांप्रमाणे पैसे देते.

एक नमुन्याची ऑफर घेऊ. आकडे उदाहरणापुरते आहेत, पण दिवाळीतल्या बहुतेक ऑफर याच साच्यातल्या असतात. दहा टक्के कॅशबॅक, कमीत कमी खरेदी १०,००० रुपयांची, एका कार्डावर जास्तीत जास्त १,५०० रुपये, आणि ऑफरच्या पूर्ण काळात फक्त एकदाच. आता समजा, पाडव्याला ३२,००० रुपयांचा टीव्ही घ्यायचा आहे. दहा टक्क्यांनी ३,२०० व्हायला हवेत, पण मर्यादा १,५०० ची आहे. म्हणजे प्रत्यक्षात सुटले पावणेपाच टक्क्यांहूनही थोडे कमी. पन्नास हजारांचा टीव्ही घेतला तर तेच १,५०० म्हणजे तीन टक्के. त्यामुळे जाहिरात वाचताना टक्क्यांआधी मर्यादा शोधावी आणि तिला टक्क्याने भागावं. १,५०० हे दहा टक्के असतील तर पूर्ण रक्कम १५,०००. या ऑफरचा खरा आवाका एवढाच. त्यापुढचा प्रत्येक रुपया तुम्ही विनासवलत खर्च करता, आणि विक्रेता 'जरा मोठा स्क्रीन बघा ना, ऑफर आहे' म्हणतो तेव्हा तो नेमकं त्याच भागाबद्दल बोलत असतो.

यातून एक सरळ वाट निघते. घरात नवरा आणि बायको दोघांची त्या बँकेची स्वतंत्र कार्डं असतील, तर दुकानदाराला बिल दोन कार्डांवर विभागायला सांगता येतं. एकावर १५,०००, दुसऱ्यावर १७,०००, आणि कॅशबॅक मिळून ३,०००. अट एवढीच की प्रत्येक स्वाइप किमान रकमेच्या वर हवा आणि नियमांत तशी मनाई नको. एकाच खात्यावरचं जोडकार्ड मात्र बहुधा चालत नाही. मूळ कार्ड आणि जोडकार्ड मिळून मर्यादा एकच धरली जाते. काही बँका तर मर्यादा कार्डामागे न ठेवता ग्राहकामागे ठेवतात, मग एकाच माणसाची दोन कार्डंही उपयोगाची नाहीत.

किमान रकमेची अट दिसते सोपी, पण लोक तिथेच घसरतात. बँक छापील किंमत बघत नाही, कार्डावरून किती रुपये गेले तेवढंच तिला दिसतं. १०,४०० रुपयांचा मिक्सर-ओव्हनचा जोड, त्यावर जुन्या मिक्सरचे ५०० वजा, कार्डावर गेले ९,९००. पाचशे वाचले आणि हजाराहून अधिकचा कॅशबॅक हुकला. अशा वेळी जुना मिक्सर भंगारवाल्याला दिलेला बरा, किंवा सोबत दोनशेची एक्स्टेंशन कॉर्ड त्याच बिलात घालावी.

कोणती खरेदी धरली जाईल, हा प्रश्न सगळ्यात फसवा आहे. तुम्ही काय घेतलं हे बँकेला सहसा कळतच नाही. दुकानाला कार्डाचं मशीन देताना त्या दुकानाच्या व्यवसायाला चार आकडी क्रमांक लावलेला असतो. किराणा आणि सुपरमार्केटसाठी ५४११, सराफासाठी ५९४४, पेट्रोल पंपासाठी ५५४१. संगणक या क्रमांकावरून ठरवतो. त्यामुळे सुपरमार्केटमध्ये घेतलेला प्रेशर कुकर 'किराणा' ठरतो, आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या ऑफरसाठी बाद. धनत्रयोदशीचं सोनं तर बहुसंख्य ऑफरमधून मुळातच वगळलेलं असतं. सराफाकडचं नाणं असो की अ‍ॅपवरचं डिजिटल सोनं. त्याच यादीत पेट्रोल, घरभाडं, विम्याचा हप्ता, वॉलेटमध्ये भरलेले पैसे आणि गिफ्ट कार्डंही नेहमी सापडतात. कारण उघड आहे. सोनं आणि वॉलेट म्हणजे जवळपास रोकडच, आणि त्यावर कॅशबॅक दिला तर लोक तेच पैसे फिरवत बसतील.

यूपीआयच्या बाबतीत आणखी एक मेख आहे. गल्लीतल्या फराळवाल्या काकूंनी भिंतीला लावलेला क्यूआर कोड त्यांच्या बचत खात्याचा असेल, तर तुमचं पेमेंट व्यापाऱ्याला केलेलं नसून एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला पाठवलेले पैसे ठरतं. व्यापाऱ्यांसाठीच्या ऑफरमध्ये ते बसत नाही. क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडून पैसे देणाऱ्यांनीही नियम पाहावेत. कार्डाच्या पुष्कळ ऑफर मशीनवरच्या स्वाइपला किंवा वेबसाइटवर कार्ड वापरण्याला लागू असतात, क्यूआर स्कॅनला नसतात. आणि स्क्रॅच कार्डावर '५०० रुपयांपर्यंत' लिहिलेलं असेल तर सात रुपये निघाले तरी वचन पाळलंच जातं.

हप्त्यांवरच्या ऑफरमध्ये मर्यादा अनेकदा मोठी असते, म्हणून मोह होतो. 'नो कॉस्ट ईएमआय'मध्ये बँक व्याज घेतेच, दुकानदार किंवा कंपनी तेवढी सूट किमतीत आधी देते. पण व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आपल्याच माथी येतो. २४,००० चा फोन, सहा हप्ते, वार्षिक १६ टक्के व्याज धरलं तर व्याज साधारण १,०८० रुपये होतं आणि त्यावरचा कर १९५ च्या आसपास. प्रोसेसिंग फी १९९ असेल तर तीही करासह २३५. म्हणजे फुकटच्या हप्त्यांना ४३० रुपये पडले. हप्त्यांमुळे कॅशबॅक एक हजाराने वाढत असेल तर हे परवडतं. दोनशेने वाढत असेल तर मग एकरकमी पैसे दिलेले चांगले.

वेळेचं गणित दोन टोकांना असतं. सुरुवातीला व्यवहार कधी झाला ते बघतात. ऑफरच्या शेवटच्या दिवशी ऑनलाइन ऑर्डर दिली आणि 'घरी आल्यावर पैसे' निवडलं, तर कार्ड दारात स्वाइप होतं तो दिवस धरला जातो, तोवर ऑफर संपलेली असते. काही ऑफर फक्त शुक्रवार ते रविवार चालतात, काहींमध्ये रोज पहिल्या ठरावीक ग्राहकांनाच लाभ मिळतो. दुसरं टोक पैसे जमा होण्याचं. तत्काळ सूट बिलातच वजा होते, त्यामुळे तिच्यात भानगड नाही. कॅशबॅक मात्र ऑफर संपल्यानंतर साठ किंवा नव्वद दिवसांनी येतो. दिवाळीत घेतलेल्या टीव्हीचे पैसे संक्रांतीच्या सुमारास. तोवर कार्डाचं पूर्ण बिल आपल्याला भरावं लागतं. कॅशबॅक येईल म्हणून दीड हजार कमी भरले, तर उरलेल्या रकमेवर महिन्याला तीन-साडेतीन टक्के व्याज लागू शकतं. वस्तू परत केली तर कॅशबॅकही परत जातो. अर्धी ऑर्डर परत केली आणि उरलेली किमान रकमेखाली आली, तर बहुधा पूर्णच जातो.

तीन महिन्यांनंतर तीच जाहिरात इंटरनेटवर सापडेलच असं नाही. म्हणून खरेदीच्या दिवशीच ऑफरच्या अटींचं पान फोनमध्ये जतन करावं, सोबत बिल आणि बँकेचा मेसेज ठेवावा. सांगितलेल्या मुदतीत पैसे आले नाहीत तर आधी बँकेकडे लेखी तक्रार करायची आणि तक्रार क्रमांक घ्यायचा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार नोंदवता येते. त्यासाठी वकील लागत नाही आणि शुल्कही नाही.