विजेविना पाणी चढवणारा रॅम पंप
पाणचक्कीत पडतं पाणी चक्की फिरवतं; रॅम पंपात तेच पडतं पाणी स्वतःतला थोडा भाग वर ढकलतं. ओढ्याला दीड मीटर उतार मिळाला, तर एक इंची जीआय पाइप उताराच्या पाचपट, म्हणजे साडेसात मीटर घ्या. फार आखूड पाइपात धक्का तोकडा पडतो आणि पीव्हीसी फुगून तो गिळते. वेस्ट व्हॉल्व्ह म्हणून पितळी स्विंग एनआरव्ही, झडप उघडी लोंबेल असा बसवा. मिनिटाला पन्नासेक ठोके हवेत. झडप उघडीच राहिली तर तिचं वजन कमी करा, भराभर टकटकली तर थोडं वाढवा. मिनिटाला २० लिटर आत गेलं, तर ९ मीटरवर दोनेक लिटर चढतं; बाकीचं ओढ्यात परत.