विचारायचं की मागायचं?

स्पॅनिशच्या वर्गात एकदा कॉफी मागायचा सराव चालला होता. शेजारचा मुलगा म्हणाला, ‘प्रेगुन्तो उन काफे.’ त्याच्या वहीत ‘आस्क म्हणजे प्रेगुन्तार’ असं लिहिलेलं होतं. वाक्याचा अर्थ झाला, ‘मी एक कॉफी विचारतो.’ मराठीत असं कुणी बोलणार नाही. कॉफी मागायची असते, आणि मागणं म्हणजे ‘पेदिर’: ‘पीदो उन काफे.’

आपल्याकडे स्पॅनिश बहुतेकदा इंग्रजीतून शिकवली जाते, त्यामुळे मराठीत मुळातच असलेला फरक आपण आधी विसरतो आणि मग कष्टाने पाठ करतो. माफी, मदत, बिल, परवानगी हे सगळं मागायचं, म्हणून पेदिर. मुलीला मागणी घालणं हेसुद्धा स्पॅनिशमध्ये ‘तिचा हात पेदिर करणं’. किंमत किंवा कारण मात्र विचारायचं, तिथे प्रेगुन्तार. एवढं लक्षात ठेवा, की ‘प्रश्न विचारणे’ला स्पॅनिशमध्ये प्रश्न ‘करणे’ म्हणतात: ‘आसेर उना प्रेगुन्ता’.

साबेर आणि कोनोसेरच्या बाबतीत मराठीची मदत होते, पण पुरती नाही. ‘से सु नोम्ब्रे, पेरो नो ला कोनोस्को’ म्हणजे तिचं नाव माहीत आहे, पण माझी तिच्याशी ओळख नाही. माहिती असेल तर साबेर, ओळख असेल तर कोनोसेर. पोहायला येतं, स्वयंपाक येतो, हे ‘येणं’ही साबेरच: ‘से नादार’.

फसगत होते ती गावांच्या बाबतीत. ‘मला लीमा माहीत आहे’ हे मराठीत चालतं, म्हणून आपण साबेर वापरतो आणि चुकतो. शहर, रस्ता, पुस्तक यांच्याशी परिचय असतो, तिथे ‘कोनोस्को लीमा’ हवं. लीमा पेरूची राजधानी आहे, ही माहिती झाली; ती साबेरने सांगायची. कविता दोन्हीकडे बसते: वाचलेली असेल तर कोनोसेर, तोंडपाठ असेल तर साबेर. शंका आली तर पुढे काय येतंय ते पाहावं. ‘की…’, ‘कुठे…’, ‘कसं…’ असं उपवाक्य आलं, तर साबेर.

मला सगळ्यात आवडतो तो भूतकाळ. ‘ला कोनोसी एन लीमा’ म्हणजे ‘मी तिला लीमात ओळखलं’ नव्हे, तर ‘तिची माझी ओळख लीमात झाली’. ‘लो सुपे आयेर’ म्हणजे ‘मला ते काल कळलं’. आधीपासून माहीत असेल तर क्रियापद तेच, रूप वेगळं: ‘या लो साबीआ’, ‘मला आधीच माहीत होतं’. इंग्रजीतून येणाऱ्याला इथे ‘मेट’ आणि ‘फाउंड आउट’ अशी वेगळी क्रियापदं शोधावी लागतात. आपल्याकडे ‘ओळख होती’ आणि ‘ओळख झाली’, ‘माहीत होतं’ आणि ‘कळलं’ या जोड्या रोजच्या बोलण्यातल्याच आहेत. वहीत ‘नो’च्या पुढे हे दोन शब्द लिहिण्याऐवजी मी आता याच जोड्या लिहितो.