मॅट घेताना नाकाचंही ऐका

दुकानात दहा मिलिमीटरची गुबगुबीत मॅट हाताला छान लागते, पण तिच्यावर वृक्षासनात एका पायावर उभं राहिलं की घोटा डुगडुगतो. रोजच्या सरावाला चार ते सहा मिलिमीटर पुरे. गुडघे दुखत असतील तर त्यांच्याखाली घडी घातलेली चादर घ्यावी. बहुतेक मॅट १७३ सेंटिमीटर लांब असतात. तुमची उंची पावणेसहा फुटांच्या पुढे असेल, तर शवासनात टाचा फरशीवर जातात. तेव्हा १८३ची मागा.

पकड अधोमुख श्वानासनात कळते. तळवे घामेजले की गुळगुळीत पीव्हीसीवर हात पुढे सरकू लागतात. नैसर्गिक रबर घट्ट धरून ठेवतं, पण ते जड असतं आणि नवं असताना टायरच्या दुकानासारखं वासतं. मॅट सावलीत, वाऱ्यावर उलगडून ठेवली की हा वास काही दिवसांत उतरतो. उन्हात मात्र घालू नका, रबर तडकतं.

लेटेक्सची ॲलर्जी असलेल्यांनी रबराची मॅट टाळलेलीच बरी. फुगा फुगवल्यावर ओठांना खाज सुटते का, हे आठवून पाहा. रबर पक्कं करताना वापरलेल्या रसायनांचा त्रास वेगळा: पुरळ लगेच न येता एकदोन दिवसांनी उठतं, म्हणून मॅटवर संशयच जात नाही. पुरळ फक्त तळहात, कोपर अशा टेकणाऱ्या जागीच असेल, तर मॅट आठवडाभर गुंडाळून ठेवा, सतरंजीवर आसनं करा आणि फरक बघा.