मागील पानावरून पुढे

माझ्या भाचीने नाशिकला बी.एस्सी. केलं. सहा सेमिस्टर तिच्या दप्तरात एक दोनशे पानी लाँगबुक असायचं. घरात आम्ही त्याला ‘बाकीवही’ म्हणायचो. द्यायच्या असाइनमेंट, मिळायच्या पावत्या, भरायचे फॉर्म, सगळं त्या एकाच वहीत. ती मी नीट चाळली आणि वाटलं, ही पद्धत इतर मुलांपर्यंत पोचायला हवी.

प्रत्येक पानावर पाच रकाने आखलेले. काय बाकी आहे, ते आत्ता कोणाकडे आहे, कशामुळे अडलंय, पुन्हा कधी विचारायचं आणि शेवटी पुरावा. बहुतेक मुलं फक्त शेवटची तारीख लिहितात. पण कामं रखडतात ती आपण दिल्यानंतर. जर्नल सरांच्या टेबलावर पडून राहतं, अर्ज खिडकीपलीकडच्या गठ्ठ्यात राहतो, आणि आपण मात्र ‘झालं’ म्हणून मोकळे होतो. म्हणून तिचा नियम असा, की आपण दिलं म्हणून ओळ खोडायची नाही. पुरावा हातात आला की मगच खोडायची.

हा पुरावा प्रत्येक कामाचा वेगळा असतो. जर्नल तपासून अनुक्रमणिकेत तारखेसह सही झाली की ते काम संपलं. परीक्षेचा फॉर्म भरल्याने संपत नाही, हॉलतिकिटावर सगळे विषय बरोबर आलेले पाहिले की संपतो. एखाद्या विषयात केटी लागली असेल तर हे पाहणं फारच गरजेचं, कारण चालू सेमिस्टरचे विषय छापून येतात आणि जुना राहून गेलेला लक्षातच येत नाही. फीच्या बाबतीत बँकेचा मेसेज म्हणजे पावती नव्हे. खात्यातून पैसे गेले एवढंच तो सांगतो. कॉलेजच्या खात्यात ते आपल्या नावावर जमा दिसतात की नाही, हे कॉलेजची पावतीच सांगते.

दुसऱ्या वर्षी नेमकं हेच झालं. जुलैमध्ये तिने फीचा दुसरा हप्ता यूपीआयने भरला. पैसे गेले, पण पावती निघाली नाही. तिने ओळ उघडी ठेवली: ‘हप्ता २, अकाउंट सेक्शन, पावती नाही, आठ दिवसांनी विचारणे’. शेजारी व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक लिहिला. आठ दिवसांनी विचारलं तर ‘अपडेट होईल’ असं उत्तर मिळालं. तिने ते तारखेसह लिहिलं आणि पुढचा दिवस ठरवला. ऑक्टोबरमध्ये परीक्षेचा फॉर्म भरताना तिच्या नावावर थकबाकी निघाली. तिने वही उघडून क्रमांक, तारीख, रक्कम आणि बँकेचा उतारा पुढे ठेवला. पैसे नाव न जुळलेल्या रकमांमध्ये पडून होते. त्याच दुपारी पावती मिळाली आणि फॉर्म विलंब शुल्काशिवाय गेला.

‘कशामुळे अडलंय’ हा रकाना मला सगळ्यांत मोलाचा वाटतो, कारण कॉलेजातली कामं एकमेकांत अडकलेली असतात. तिचा महाडीबीटीवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज घ्या. त्याला फीची पावती हवी, मागच्या वर्षाची गुणपत्रिका हवी, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला हवा. दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपते, म्हणून नवा काढायला एप्रिलमध्येच टाकायचा. वहीत अर्जाच्या ओळीखाली या तिन्हींच्या छोट्या ओळी असायच्या. अर्ज भरूनही ओळ उघडीच राहायची, कारण त्रुटी निघाली तर तो पोर्टलवर परत येतो आणि मुदतीत दुरुस्त करून पुन्हा पाठवावा लागतो. शेकडो मुलं मेसेजची वाट पाहत बसतात. ती दर रविवारी लॉगिन करून स्थिती पाहायची आणि पेन्सिलीने तारीख टाकायची. रविवारची पंधरा मिनिटं या सगळ्या वहीला पुरायची.

कागदांचे फोटो ती फोनमध्ये ठेवायची, पण नाव देऊन: `sem3_fee_hapta2.jpg`. गॅलरीतल्या हजार फोटोंत बिननावाची पावती सापडत नाही.

वहीला मर्यादाही होती. वर्गात तोंडी सांगितलेलं काम त्याच दिवशी लिहिलं नाही तर ते वहीत नसायचंच. एक असाइनमेंट अशीच बुडाली. तेव्हापासून ती सुटीच्या घंटेलाच, बाकावर बसूनच, नोंद करायला लागली.

सेमिस्टर संपलं की नवं पान. जुन्या पानावरच्या उघड्या ओळी हाताने पुन्हा उतरवायच्या आणि वर लिहायचं, ‘मागील पानावरून पुढे’. किराणा दुकानदार खातेवहीत करतो तसंच. नुसतं पान उलटलं तर जुनी बाकी नजरेआड होते. पुन्हा लिहावी लागली की ती सलते.

पहिल्या पानावरची एक ओळ अशी पाच वेळा उतरवली गेली: ‘अनामत रक्कम, अकाउंट सेक्शन, कॉलेज सोडताना परत, मूळ पावती मागच्या पुठ्ठ्याला चिकटवली आहे.’ यंदा कॉलेज सोडण्याचा दाखला घ्यायला गेली तेव्हा खिडकीतून प्रवेशावेळची मूळ पावतीच मागितली. तिने पुठ्ठ्यावरून ती अलगद सोडवून दिली, आणि रक्कम खात्यात आल्यावर शेवटची ओळ खोडली.