दहा हजार भरले, तरी जाहिरात दहा दिवस का चालत नाही?

येवल्यातल्या एका पैठणी विक्रेत्याचं उदाहरण घेऊ. दिवाळीच्या तोंडावर त्यांनी गूगलवर जाहिरात सुरू केली, रोजचं बजेट १,००० रुपये ठेवलं आणि यूपीआयनं १०,००० रुपये भरले. पैसे दहा दिवस पुरतील असा त्यांचा हिशेब होता. प्रत्यक्षात नवव्या दिवशीच जाहिरात दिसेनाशी झाली, आणि तीही ऐन खरेदीच्या गर्दीत.

यात गूगलची चूक नाही. इंटरनेटवरच्या जाहिरातीवर १८ टक्के जीएसटी लागतो आणि आगाऊ पैसे भरण्याच्या पद्धतीत तो भरलेल्या रकमेतूनच वळता होतो. १०,००० ला १.१८ ने भागलं की ८,४७४ रुपये ५८ पैसे येतात. जाहिरातीसाठी एवढेच उरतात, बाकीचे १,५२५ रुपये ४२ पैसे कराचे. बजेटचा आकडा मात्र कर सोडून असतो. म्हणून दहा दिवस जाहिरात चालवायची तर ११,८०० रुपये भरावे लागतात. शिवाय मागणी असेल त्या दिवशी गूगल रोजच्या बजेटच्या दुपटीपर्यंत खर्च करू शकतं. महिन्याचा एकूण खर्च रोजच्या बजेटच्या ३०.४ पटीपलीकडे जात नाही, पण सणाच्या आठवड्यात शिल्लक भराभर उतरते. त्यामुळे दोन-तीन दिवसांचा खर्च खात्यात नेहमी जास्तीचा ठेवावा.

दुसरी पद्धत आधी जाहिरात, मग पैसे अशी. ठरावीक रकमेइतका खर्च झाला किंवा महिन्याची पहिली तारीख आली, यांतलं जे आधी घडेल तेव्हा कार्डावरून पैसे आपोआप कापले जातात. इथली अडचण वेगळी आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कार्डावरून वारंवार पैसे कापायचे असतील तर ग्राहकानं आधी ई-मँडेट द्यावं लागतं आणि प्रत्येक कपातीच्या किमान २४ तास आधी बँकेनं सूचना पाठवावी लागते. जून २०२२ पासून अशा व्यवहारांची सर्वसाधारण मर्यादा १५,००० रुपये आहे. त्याहून मोठी रक्कम ओटीपीशिवाय जात नाही. ओटीपी द्यायला कुणी नसेल किंवा मँडेटच नसेल, तर बँक व्यवहार नाकारते आणि जाहिरात थांबते.

हे ओळखायचं कसं? जाहिरात किती वेळा दिसली, हा आकडा अचानक शून्यावर आला तर मजकूर बदलण्याआधी बिलिंगचं पान उघडावं. व्यवहार नाकारला गेला असेल तर तिथं तशी नोंद दिसते. कार्डाची मुदत, ऑनलाइन व्यवहारांची मर्यादा आणि मँडेट तपासून थकबाकी स्वतः भरली, की जाहिराती सहसा पुन्हा सुरू होतात. त्याहून बरं म्हणजे कपातीची वेळ येण्याआधीच थोडे थोडे पैसे स्वतः भरत राहणं आणि खात्यात दुसरं कार्डही जोडून ठेवणं.

आता कराचे गेलेले ते १,५२५ रुपये. आपले विक्रेते जीएसटीच्या नियमित योजनेत असतील, तर त्यांना या रकमेचं इनपुट टॅक्स क्रेडिट मिळू शकतं. कंपोझिशन योजनेतल्या किंवा नोंदणी नसलेल्या दुकानदारासाठी मात्र तो निव्वळ खर्च असतो. क्रेडिटसाठी पैसे भरल्याची पावती चालत नाही, कर बीजक म्हणजे टॅक्स इनव्हॉइस लागतं. त्यावर पहिल्यांदा स्वतःचा पंधरा अक्षरी जीएसटी क्रमांक पाहावा. महाराष्ट्राचा क्रमांक २७ ने सुरू होतो, गोव्याचा ३० ने. त्यानंतर सेवेचा कोड पाहावा. इंटरनेटवरच्या जाहिरातीच्या जागेसाठी तो ९९८३६५ आहे. शेवटी कराचा प्रकार. बीजक हरियाणातल्या नोंदणीवरून आलं असेल, म्हणजे देणाऱ्याचा क्रमांक ०६ ने सुरू होत असेल, तर महाराष्ट्रातल्या ग्राहकाला सीजीएसटी आणि एसजीएसटीऐवजी १८ टक्के आयजीएसटी लागलेला दिसेल. तो बरोबरच आहे.

क्रेडिट बुडतं ते बहुतेक वेळा एकाच कारणानं. खातं उघडताना जीएसटी क्रमांक टाकलेला नसतो किंवा त्यातलं एखादं अक्षर चुकलेलं असतं. मग बीजक सामान्य ग्राहकाच्या नावानं निघतं आणि दुकानदाराच्या जीएसटीआर-२बी मध्ये येतच नाही. हे विवरण पुढच्या महिन्याच्या १४ तारखेच्या सुमारास तयार होतं. दर महिन्याला त्यात जाहिरातीचं बीजक शोधावं आणि ते नसेल तर लगेच पेमेंट प्रोफाइलमधला क्रमांक तपासून दुरुस्ती मागावी. एका आर्थिक वर्षातल्या बीजकांचं क्रेडिट घेण्याची मुदत पुढच्या ३० नोव्हेंबरपर्यंत असते. वार्षिक विवरण त्याआधी भरलं तर ती तेव्हाच संपते.