दहा टनांची खोली, पाचशे क्रेटची जागा

गावाकडे शीतखोलीचा विषय निघाला की पहिला प्रश्न असतो, ‘किती टनांची?’ ठेकेदारही त्याच भाषेत उत्तर देतो. पण खोलीत टन ठेवत नाहीत, क्रेट ठेवतात. क्रेटना भिंतीपासून अंतर लागतं, माणसाला आत वाट लागते आणि थंड हवेलाही वाट लागते. हे हिशेबात न धरता बांधलेली खोली पहिल्याच हंगामात अपुरी पडते.

नारायणगावकडचा एक टोमॅटो उत्पादकांचा गट धरू. त्यांना दहा टन माल तीन-चार दिवस ठेवायचा आहे. त्यांच्याकडचा प्लास्टिकचा क्रेट ५४ सेंटिमीटर लांब, ३६ रुंद आणि २९ उंच आहे. त्यात २० किलो टोमॅटो बसतो. काठोकाठ भरायचा नाही, कारण वरच्या क्रेटचा तळ खालच्या फळांवर टेकला की ती चेपतात. दहा हजार किलोला वीसने भागलं की ५०० क्रेट.

एकावर एक किती चढवायचे? हाताने उचलणाऱ्या माणसाला सातवा क्रेट ठेवतानाच खांद्याच्या वर हात न्यावे लागतात. म्हणून सातांची थप्पी धरू. अशा ७२ थप्प्या लागतील. एका थप्पीखाली पाव चौरस मीटरहूनही कमी जमीन जाते, सगळ्या मिळून १४ चौरस मीटर. हा आकडा पाहून खोली तेवढीच लागेल असं वाटतं, आणि इथेच फसगत होते.

आता थप्प्या मांडून पाहू. मधोमध वाट, दोन्ही बाजूंना ३६-३६ थप्प्या. प्रत्येक बाजूला भिंतीकडून वाटेकडे तीन थप्प्या आणि लांबीत बारा ओळी. दोन थप्प्यांमध्ये पाच सेंटिमीटरची फट सोडायची, भिंतीपासून वीस सेंटिमीटर. हातगाडी वळायला वाट १.२ मीटर हवी. एवढं धरलं की आतली रुंदी होते साधारण ५ मीटर. लांबीत बारा ओळींना ४.९ मीटर जातात. मागच्या भिंतीवर थंड हवा फेकणारं पंख्यांचं युनिट असतं, त्याच्याखाली अर्धा मीटर मोकळा ठेवायचा. दारापाशी माल उतरवायला आणखी १.२ मीटर. म्हणजे लांबी ६.६ मीटर. फुटांत सांगायचं तर साडेसोळा बाय साडेएकवीस. ही जमीन झाली ३३ चौरस मीटर, आणि त्यात क्रेटखाली निम्म्याहूनही कमी.

उंचीचंही तेच. थप्पी २.०३ मीटर, तिच्याखाली दहा सेंटिमीटरची लाकडी फळ्यांची चौकट आणि वर पाऊण मीटरहून थोडं जास्त मोकळं अंतर, म्हणजे छत ३ मीटरवर. हे वरचं अंतर वाया गेलेलं नाही. युनिटमधून सुटलेली हवा थप्प्यांच्या डोक्यावरून दारापर्यंत जाते आणि फटींतून, वाटेतून परत येते. वर जागाच नसेल तर ती जवळच्या थप्पीला धडकून मागे फिरते. मग युनिटजवळचा माल गोठल्यासारखा आणि दारापाशीचा कोमट राहतो.

एकूण खोली झाली सुमारे १०० घनमीटर, म्हणजे टनामागे १०. सरकारी योजनांतल्या मोठ्या शीतगृहांसाठी टनामागे ३.४ घनमीटर धरतात. तिथे माल उंच रचलेला असतो, म्हणून ते जमतं. तोच आकडा लावून आपल्या गटाने ३४ घनमीटरची खोली घेतली तर? नुसते ५०० क्रेटच २८ घनमीटर व्यापतात. तीन मीटर उंचीच्या त्या खोलीची जमीन भरते सव्वाअकरा चौरस मीटर. आपल्या थप्प्यांना तर चौदा लागतात, म्हणजे वाट अजिबात न ठेवताही माल मावणार नाही.

फ्लॉवर ठेवायचा असेल तर हिशेब पुन्हा बदलतो. त्याच क्रेटमध्ये तो दहा-बारा किलोच बसतो, मग हीच खोली पाच-सहा टनांची. म्हणून कोणता माल ठेवायचा ते न सांगता टन सांगण्याला काही अर्थ नाही.

आणखी एक खाचखळगा म्हणजे ठेकेदाराचं माप. पफ पॅनल १०० मिलिमीटर जाड असेल तर बाहेरून ५ मीटर असलेली खोली आतून ४.८ मीटरच राहते. गेलेले वीस सेंटिमीटर म्हणजे एका भिंतीजवळची सगळी मोकळी जागा. कोटेशनवर ‘आतील माप’ असं लिहून घ्यावं.

गर्दीच्या दिवसांत मधल्या वाटेतही क्रेट चढतात. तेव्हा दारावरचा आकडा १२ अंश दाखवत राहतो, पण तो हवेचा असतो. मधल्या थप्पीच्या चौथ्या क्रेटमध्ये, फळांच्या पोटात तापमापक खुपसून पाहा. दुसऱ्या दिवशीही तिथे १८-१९ अंश दिसले, तर हवा तिथपर्यंत पोचत नाही. त्यावर यंत्र मोठं घेऊन उपयोग नाही, वाट मोकळी करावी लागते.

ऑर्डर देण्याआधी अंगणात चुन्याने खोलीचा आतला आयत आखावा, आपलेच क्रेट आणून एका कोपऱ्यातल्या थप्प्या रचाव्यात आणि भरलेली हातगाडी त्या वाटेतून फिरवून पाहावी. गाडी अडली, तर ती जागा आत्ताच वाढवता येते.