नव्या नोकरीची खबर

आमची भाची सातपूरची नोकरी सोडून अंबडच्या कारखान्यात रुजू झाली. लिंक्डइनवर टाकायचा मजकूर तिने आम्हाला दाखवला: ‘अखेर माझी कदर करणाऱ्या कंपनीत आले!’

आम्ही म्हणालो, “बेटा, ‘अखेर’ आणि ‘कदर’ हे दोन शब्दच जुन्या साहेबांची तक्रार करतात. तू नाव घेतले नाहीस, पण तुझ्या प्रोफाइलवर जुन्या कंपनीचे नाव आहेच.”

मग तिने लिहिले: ‘अल्हम्दुलिल्लाह, सोमवारपासून अंबडमध्ये गुणवत्ता तपासनीस म्हणून रुजू झाले. सातपूरच्या चार वर्षांत मायक्रोमीटर धरण्यापासून तपासणीचा अहवाल लिहिण्यापर्यंत सारे शिकले. शिकवणाऱ्यांची शुक्रगुजार आहे.’

यात पगार नाही, किती उमेदवारांतून निवड झाली तेही नाही. आभार मात्र नेमक्या कामाचे आहेत, म्हणून ते खरे वाटतात. जुन्या जागी त्रास झाला असेल, तर खोटी तारीफ करू नये. जे शिकलो तेवढेच लिहावे.

आणि घाई नको. नेमणुकीचे पत्र आले म्हणून खबर देऊ नये. आधी जुन्या साहेबांना स्वतः सांगावे, रुजू व्हावे, मगच लिहावे.